चौदाशे मीटरवर डेंग्यू: उंचीवर डास नसतात, हे आता विसरायचं का?

ललितपूरची

नमस्कार मंडळी. आम्ही गेली काही वर्षं ललितपूरला राहतो. काठमांडूहून बागमती ओलांडली की आलं आमचं गाव. मूळचे आम्ही वाईचे. इकडे यायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एक बरं झालं, थंड हवेचं ठिकाण आहे, डासांची कटकट नाही." त्यांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर होतं, आणि उंचीच्या हिशेबात ते चूकही नव्हतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, काठमांडूचं खोरं १,३०० ते १,४०० वर.

२०२२च्या सप्टेंबरात आधी मुलाला आणि पाठोपाठ मला डेंग्यू झाला. मुलाच्या प्लेटलेट उतरत होत्या आणि दवाखान्यात खाट मिळेना, म्हणून पहिली रात्र आम्ही बाकावर काढली. त्या वर्षी नेपाळात सरकारी नोंदीप्रमाणे ५४,७८४ रुग्ण आणि ८८ मृत्यू झाले. सगळ्याच्या सगळ्या ७७ जिल्ह्यांत रुग्ण सापडले, आणि सर्वांत जास्त काठमांडू, ललितपूर आणि भक्तपूर या आमच्या तीन शहरांत. आमचे घरमालक सत्तरीचे आहेत. ते म्हणाले, "आमच्या तरुणपणी मच्छरदाणी म्हणजे तराईतल्या लोकांची वस्तू."

प्रश्न असा आहे. हे खरंच हवा तापल्यामुळे झालं, की आमच्या गच्चीवरच्या ड्रममुळे? मी खोदून विचारतेय कारण नवऱ्याचं काम पुढच्या वर्षी रसुवा जिल्ह्यात धुंचेला जाणार आहे. ते साधारण २,००० मीटरवर आहे. तिथे घर घेताना मी पुन्हा सासूबाईंसारखं म्हणायचं का, की मच्छरदाणी बांधून न्यायची?

---

माधवी_नाशिक

वाचूनच काळजात धस्स झालं. मुलगा आता ठणठणीत आहे ना? धागा वाचतेय.

---

रोखठोक

सगळं हवामानबदलाच्या खात्यावर टाकायची पद्धत पडली आहे, म्हणून जरा उलट बाजू मांडतो.

डेंग्यू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडीस इजिप्ती. तो काठमांडूच्या खोऱ्यात पहिल्यांदा नोंदला गेला २००९ मध्ये. नेपाळात डेंग्यूचा पहिला रुग्ण २००४ चा आणि पहिली साथ २००६ ची, तीही तराईत. म्हणजे डास आणि विषाणू दोन्ही खालून वर आले, आणि आले ते ट्रकमधल्या जुन्या टायरांतून आणि रात्रीच्या बसमधून. हा डास स्वतः उडतो जेमतेम शेदोनशे मीटर. त्याला घाट चढवणारा माणूसच आहे. वर पोचल्यावर राहायला घर कोण देतं? पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम. पाणीपुरवठा सुधारा, डेंग्यू जाईल. तापमान अर्धा अंश वाढलं की कमी झालं, याने काहीही फरक पडत नाही.

---

सह्याद्रीवेडा

मी ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातोय. धागा वाचून प्रश्न पडला की नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे, तर तिथे डासांचं मलम लागेल का? वजन कमी ठेवायचंय म्हणून विचारतो. आमच्या ग्रुपमध्ये दोघांचे घरचे हे ऐकून घाबरलेत.

---

तापमापक

@सह्याद्रीवेडा, मी फिजिशियन आहे, त्यामुळे तुम्ही विचारलंय त्यापेक्षा थोडं वेगळं सांगतो. नामचेला तुम्हाला डेंग्यूचा डास चावणार नाही. पण डेंग्यू तुम्हाला नामचेला होऊ शकतो.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. तुम्ही काठमांडूत दोन दिवस परमिट आणि खरेदीसाठी फिरणार, थामेलमध्ये संध्याकाळी चहा पीत बसणार. तिथे चावलेल्या डासाचा ताप तुम्हाला दिंगबोचेच्या आसपास गाठेल. डोकं ठणकतंय, मळमळतंय, अंगात त्राण नाही. तिथे सगळे एकच म्हणणार, "उंची लागली." विरळ हवेच्या त्रासात डोकं दुखतं आणि मळमळतं हे खरं, पण चांगला १०२-१०३ ताप त्याने येत नाही. म्हणून थर्मामीटर न्या, त्याचं वजन काहीच नाही. ताप भरला तर वर चढायचं नाही, खाली उतरायचं. आणि ट्रेकवाल्यांच्या खिशात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन असतंच, ते किंवा अ‍ॅस्पिरिन त्या तापात घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. साधं पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.

मलम घ्याच, पण लावा ते काठमांडूत, आणि दिवसा. हा डास उजेडात चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त.

---

सह्याद्रीवेडा

हे अजिबात डोक्यात नव्हतं. ग्रुपवर टाकतो आत्ताच. थर्मामीटर यादीत घेतला.

---

जुना_हिवतापवाला

तेहतीस वर्षं हिवताप विभागात काढली. सुरुवात रक्तनमुने गोळा करण्यापासून केली आणि निवृत्त झालो तो डासांची पाहणी करणाऱ्या कीटक समूहात. रोखठोक यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. टायर आणि ड्रम यांचं बरोबर आहे. पण "अर्ध्या अंशाने काही फरक पडत नाही" हे सपाटीवर खरं आहे, डोंगरावर नाही. का ते एक हिशेब मांडून दाखवतो. हिशेब मलेरियाचा घेतो, कारण त्याचं सूत्र जुनं आणि साधं आहे.

डास रोग्याला चावला की लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. जंतू डासाच्या पोटात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला दिवस लागतात, आणि ते किती लागतील हे हवेवर ठरतं, कारण डासाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते. फाल्सिपेरम मलेरियासाठी आम्हाला असं शिकवलं होतं: सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि १११ ला त्या आकड्याने भागा. येतील तितके दिवस.

१८ अंशाला हे येतात साधारण ५५ दिवस. २० ला २८. २२ ला साडेअठरा. २४ ला चौदा.

आता डासाचं आयुष्य बघा. समजा रोज दहातला एक डास मरतो. ही काही फार वाईट परिस्थिती नाही. रोग्याला चावलेल्या हजार डासांपैकी जंतू तयार होईपर्यंत जगतील किती? १८ अंशाला हजारात तीन. २० अंशाला ५४. २२ ला सुमारे १४०, २४ ला सुमारे २३०.

पहिले दोन आकडे पुन्हा वाचा. १८ वरून २० वर गेलो तर धोकादायक डास अठरापट झाले. २२ वरून २४ वर गेलो तर दुप्पटसुद्धा नाहीत. दोन्हीकडे वाढ दोनच अंशांची. म्हणून नागपूरला दोन अंश वाढले तर डासाच्या दृष्टीने विशेष काही घडत नाही, उलट मे महिन्यात तो उन्हाने मरतो. पण ज्या गावात डास होते आणि जंतू मात्र पिकत नव्हता, त्या गावात तेवढ्याच वाढीने दार उघडतं. डोंगरात दर दीडशे मीटरला हवा साधारण एक अंशाने उतरते. म्हणजे हवा एक अंशाने तापली की ही रेषा दीडशे मीटर वर सरकली.

डेंग्यूचे आकडे वेगळे आहेत, पण वळण तेच. ३० अंशाला विषाणू डासात साडेसहा दिवसांत तयार होतो, २५ ला पंधरा दिवस लागतात. १८ च्या खाली तर त्याचं जवळजवळ काही चालत नाही.

---

माधवी_नाशिक

काका, हे वहीत उतरवून घेतलं. शाळेत विज्ञान शिकवते. घातांक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

---

रोखठोक

हिशेब चोख आहे, मान्य. पण तोच हिशेब काठमांडूला लावून बघा. तिथे जून ते ऑगस्ट सरासरी तापमान २४ च्या आसपास असतं. आज आहे आणि तीस वर्षांपूर्वीही फार तर एखाद अंशाने कमी असेल. म्हणजे तुमच्याच हिशेबाने पावसाळ्यात ते दार आधीपासून उघडं होतं, फक्त आत शिरणारा डास नव्हता. तो २००९ पर्यंत आला.

दुसरी गोष्ट. नेपाळच्या हवामान खात्याने १९७१ ते २०१४ च्या नोंदी तपासल्या आहेत. दिवसाचं कमाल तापमान दर वर्षी ०.०५६ अंशाने वाढलं, पण रात्रीचं किमान फक्त ०.००२ ने. म्हणजे रात्री आहेत तशाच आहेत. डासाला थंडी मारते ती रात्रीच ना?

---

जुना_हिवतापवाला

चांगला मुद्दा. यातला पहिला भाग मी मान्य करतो. काठमांडूच्या जुलै महिन्याबद्दल तुम्ही बरोबर आहात. तिथे उष्म्याने दार उघडलं असं म्हणता येणार नाही.

तिथे उष्म्याने हंगाम लांबवला असं मी म्हणेन. काठमांडूत सप्टेंबरची सरासरी २३, ऑक्टोबरची २० च्या आसपास, नोव्हेंबरात थेट १५-१६. साथीचा कळस येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमका उताराला लागलेल्या हवेत. तिथे एखादा अंश जास्त असला तर साथ पंधरा दिवस आधी मरायची ती मरत नाही. आणि साथ गुणाकाराने वाढते, त्यामुळे शेवटच्या पंधरा दिवसांत रुग्णांचा एक अख्खा फेरा जास्त बसतो.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. सरासरी थंड असेल तिथे जंतूची वाढ होते ती दुपारच्या उबेत. रात्री दहा अंश असो की बारा, त्याचं काम तसंही बंदच असतं. पण दुपार २४ ऐवजी २६ ची झाली तर रोज चार-पाच तास काम जोरात चालतं. म्हणून थंड जागी नुसत्या सरासरीवरून काढलेले दिवस प्रत्यक्षापेक्षा जास्त येतात. माझ्या वरच्या आकड्यांनाही हे लागू आहे, ते जसेच्या तसे धरू नका. शिवाय डास उघड्यावर बसत नाही. तो बसतो कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत. चूल किंवा हीटर असलेल्या खोलीतली हवा वेधशाळेच्या पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते.

---

नैरोबीकर

आमच्या इकडे याच मुद्द्यावर शास्त्रज्ञांची वीस वर्षं भांडणं चालली, ते सांगायला हवं. माझं निम्मं आयुष्य केनियात गेलं, कामानिमित्त केरिचोच्या चहामळ्यांत येणं-जाणं असायचं. दोन हजार मीटरच्या आसपासचा हिरवागार थंड भाग. मळ्यांच्या दवाखान्यांत मजुरांच्या मलेरियाच्या नोंदी १९६०च्या दशकापासून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत १९८०-९० च्या दशकांत आकडे भराभर चढलेले दिसतात.

एक गट म्हणाला हवा तापली. २००२ मध्ये दुसऱ्या गटाने नोंदी तपासून सांगितलं की तापमानात दखल घेण्यासारखी वाढच नाही, क्लोरोक्विन लागू पडेनासं झालं हे खरं कारण. मग जास्त वर्षांच्या आणि नीट तपासलेल्या नोंदी हाती आल्या तेव्हा दिसलं की वाढ आहे. आणि गंमत म्हणजे २०००नंतर औषध बदललं, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आल्या, आणि हवा तापत असतानाच मलेरिया उतरला. मळ्यातले जुने कंपाउंडर सांगायचे की पूर्वी पावसानंतर व्हरांड्यात माणसं झोपवायला लागायची, ते थांबलं.

त्यामुळे मला रोखठोक आणि काका दोघेही बरोबर वाटतात. पण मग यातलं हवेचं किती आणि माणसाचं किती, हे वेगळं करायचं तरी कसं?

---

जुना_हिवतापवाला

नैरोबीकर, अगदी नेमकं विचारलंत. ते वेगळं करायची एक फार सुंदर युक्ती २०१४ मध्ये छापून आली. कोलंबियातला अँटिओकिया प्रांत आणि इथिओपियातला डेब्रे झैतचा डोंगराळ भाग, दोन्हीकडच्या गावोगावच्या मलेरियाच्या नोंदी घेतल्या. मग एकच गोष्ट पाहिली. त्या वर्षीचे निम्मे रुग्ण किती उंचीच्या वर आहेत? उष्ण वर्षी ती रेषा वर चढलेली दिसली आणि थंड वर्षी खाली उतरलेली.

रस्ते झाले, बस आल्या, लोक वर राहायला गेले, औषध निकामी झालं, यांतलं काहीही थंड वर्षी मागे फिरत नाही. रेषा खाली उतरते याचा अर्थ तिला हवाच हलवते आहे. हे वाचलं तेव्हा मी कीटक समूहातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं होतं, इतका आनंद झाला होता.

पण हे दोन डोंगरांचं मलेरियाचं उत्तर आहे. काठमांडूच्या डेंग्यूचं असं उत्तर काढायला तितक्या वर्षांच्या नोंदीच अजून नाहीत.

---

दोडामार्गी

आमच्या भागाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे २०१६ पासून माकडताप आहे. त्याआधी २०१५ ला शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात आला होता. माझा चुलतभाऊ काजू वेचायला जायचा, त्याला झाला. पंधरा दिवस अंथरुणात, बरा झाला म्हणता म्हणता परत ताप. आमचे लोक म्हणतात ऊन वाढलं म्हणून गोचीड वाढले. आमचंही गाव डोंगरातच आहे. तेव्हा हे हवामानामुळेच ना?

---

जुना_हिवतापवाला

दादा, भावाचं ऐकून वाईट वाटलं. परत उलटून येणारा ताप हे त्या रोगाचं लक्षणच आहे. पण तुमचा प्रश्न उंचीचा नाही असं मला वाटतं. हा रोग १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या, मध्यम उंचीच्या जंगलाचाच आहे. थंडीने तो अडलेला नव्हताच. जंगल तुटून मध्ये बागा आल्या, गुरं आणि माणसं आत-बाहेर करू लागली, आणि माकडांच्या अंगावरचे गोचीड त्या वाटांवर सांडले, हे तिथलं मुख्य कारण. पावसाचं वेळापत्रक बदलल्याने गोचिडांच्या पिलांचा हंगाम मागेपुढे होत असेल, ते नाकारत नाही. डिसेंबर ते मे हे तुमचे धोक्याचे महिने, आणि काजूही नेमका तेव्हाच. पाय पूर्ण झाकून जा, पाचोळ्यात बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

---

ब्रनोवासी

गोचिडांवरून सांगते. आम्ही चेक देशात राहतो आणि इथे गोचीड खरोखर डोंगर चढले आहेत. उत्तरेला क्रकोनोशे नावाचे डोंगर आहेत. तिथे १९८० च्या आसपासपर्यंतच्या पाहणीत गोचीड साधारण ७०० मीटरपर्यंतच टिकायचे. त्याच डोंगरात २००० नंतर ते ११०० मीटरपर्यंत सापडू लागले. तिथे टायर नाहीत, ड्रम नाहीत, रोखठोक.

आमच्या निसर्गमंडळातल्या आजोबांनी मला हे फार छान समजावलं. गोचीड आयुष्यात तीनदाच रक्त पितो: अळी असताना, पिल्लू असताना आणि मोठा झाल्यावर. प्रत्येक जेवणानंतर तो पाचोळ्यात उतरून कात टाकतो, आणि हे सगळं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. वर डोंगरात हरणाच्या अंगावरून गोचीड नेहमीच पोचत होते, पण पडलेल्या मादीची अंडी थंडीआधी फुटायची नाहीत आणि पिढी तिथेच संपायची. उन्हाळा जरा लांबला आणि अंडी वेळेत फुटू लागली, की वरच्या गोचिडांचा वंश तिथेच चालू लागला.

इथे गोचिडांतून मेंदूज्वर येतो, त्याची लस आहे, आम्ही चौघांनी घेतली आहे. फिरून आलो की मुलांच्या गुडघ्यामागे आणि कानामागे बघणं हा आमचा रोजचा कार्यक्रम.

---

रोखठोक

@ब्रनोवासी, हरणंही वाढली असतील ना तिथे? युरोपात शिकार आणि शेती कमी झाल्यावर हरणं वाढलीच आहेत. पण अंडी वेळेत फुटण्याचं कारण पटलं. तिथे माझं "काहीही फरक पडत नाही" हे वाक्य मी मागे घेतो. काठमांडूपुरतं ठेवतो.

---

ब्रनोवासी

हो, हरणं वाढली आहेत. त्याचा वाटा किती हे मी नाही सांगू शकत.

---

माधवी_नाशिक

एक शंका. पाऊस वाढला की डास वाढतात हे सरळ आहे का? आमच्याकडे तर ज्या वर्षी पाऊस ओढ घेतो त्या वर्षी सोसायटीत जास्त रुग्ण.

---

जुना_हिवतापवाला

सरळ नाही. मुसळधार पडला की उघड्या डबक्यांतल्या अळ्या वाहून जातात. त्रास देतो तो तुटक पाऊस: चार दिवस धो धो, मग आठ-दहा दिवस ऊन. कुंडी, टायर, गच्चीवरचा ताडपत्रीचा खळगा भरतो आणि कोणी हलवत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि पाऊस ओढ घेतो तेव्हा माणसं पाणी साठवतात, म्हणजे डबकं घरात येतं.

या डासाची खोड अशी की तो अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ती वाळली तरी कित्येक महिने मरत नाहीत. थंडी काढतात, उन्हाळा काढतात आणि पुन्हा पाणी वर चढलं की फुटतात. काठमांडूतला जानेवारी मोठ्या डासाला मारतो, अंड्यांना नाही. म्हणून नुसतं पाणी ओतून ड्रम रिकामा करणं हा अर्धाच कोरडा दिवस. आतली भिंत काथ्याने घासायला लागते.

@ललितपूरची, तुमचा ड्रम आहे तो बघा ना एकदा. टॉर्च घ्या, बाजूने तिरका उजेड टाका.

---

ललितपूरची

बघितला. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या गच्चीवर एक काळी मोठी टाकी आणि दोन निळे ड्रम आहेत. नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा-दोनदा, बाकी टँकर. टाकीला झाकण घट्ट आहे, आत काही नाही. पहिल्या ड्रमवर पत्रा ठेवला होता, तोही स्वच्छ. दुसऱ्या ड्रमवर आम्ही लाकडी फळी ठेवतो आणि ती एका बाजूला बोटभर उघडी राहते. टॉर्च तिरका मारला तर पाण्याच्या चार बोटं वर, सगळीकडून गोल, काळे ठिपके. मोहरीहून बारीक, मिरपूड उडाल्यासारखे. आणि पाण्यात खाली डोकं करून तिरक्या लोंबणाऱ्या अळ्या. सावली पडली की वळवळत तळाला जायच्या. मी मुलाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मला आजारी पाडणारा आपल्याच घरचा होता?"

काथ्याने घासून, गरम पाणी ओतून, दिवसभर उन्हात पालथा घातला. फळी टाकून दिली आणि मच्छरदाणीचं कापड सुतळीने बांधलं. मग घरमालकांना घेऊन शेजारच्या गच्च्यांवर गेले. इथे डासाला लामखुट्टे म्हणतात. पालिकेची माणसं "लामखुट्टे शोधा आणि नष्ट करा" म्हणत फिरतात, पण गच्चीवर कोणी चढत नाही. पाच गच्च्यांपैकी तीन ठिकाणी तेच दिसलं. एका आजींच्या तर देवाच्या तुळशीखालच्या थाळीत.

तेव्हा रोखठोक, माझ्या घरापुरतं तुमचंच खरं. आता धुंचेचं सांगा ना कोणीतरी.

---

जुना_हिवतापवाला

शाब्बास. तेहतीस वर्षांत इतका नीट केलेला गच्चीचा सर्व्हे थोड्यांनी केलाय.

धुंचेचं माझं मत सांगतो, छातीठोक नाही. दोन हजार मीटरच्या आसपास एडीसच्या अळ्या नेपाळी संशोधकांना सापडलेल्या आहेत, म्हणजे डास तिथवर पोचला आहे. पण अळी सापडणं आणि तिथे रोग पसरणं यांत माझ्या वरच्या हिशेबातलं अंतर आहे. काठमांडूपेक्षा सहाशे मीटर वर, म्हणजे चार अंश थंड. काठमांडूला जुलैत २४ तर तिथे २०. त्या तापमानाला विषाणू पिकायला इतके दिवस लागतात की बहुतेक डास आधीच मरतात. मोठी साथ तिथे आज मला दिसत नाही. पण एखादा उष्ण ऑगस्ट आला आणि काठमांडूहून कोणी ताप घेऊन आला, तर एखाद्या घरापुरती, एखाद्या आळीपुरती साखळी चालू शकते. पंधरा वर्षांनी काय असेल ते मी लिहून देणार नाही.

---

तापमापक

पुस्ती जोडतो. धुंचेला ताप आला तर तिथला डॉक्टर आधी टायफॉइड आणि स्क्रब टायफसचा विचार करेल, आणि ते योग्यच आहे. पण तुम्ही मागच्या दोन आठवड्यांत काठमांडूला जाऊन आला असाल तर ते स्वतःहून सांगा. आणि तुम्हाला, मुलाला एकदा डेंग्यू होऊन गेलाय हेही सांगा. विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या प्रकाराचा पुन्हा झाला तर तो पहिल्यापेक्षा जास्त बिघडू शकतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त सांभाळायचे. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका, गाडी करून खाली या.

---

रोखठोक

धुंचेत घर बघायला जाल तेव्हा नळाला पाणी रोज येतं का ते आधी विचारा. भाडं नंतर.

---

ललितपूरची

विचारते. आणि सासूबाईंना फोन केला होता काल. म्हणाल्या, "मग आपल्या पाचगणीच्या मावशीलाही सांग ड्रम बघायला." तिच्या अंगणात तीन आहेत. रविवारी व्हिडिओ कॉल लावून टॉर्चने बघणार आहोत.